बोरिंगच्या पाण्यातलं आर्सेनिक: नमुना कसा घ्यावा, अहवाल कसा वाचावा, अंगावर काय शोधावं

विदर्भात पाणी खराब म्हटलं की यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराईड आठवतं आणि अकोला-अमरावती-बुलडाण्याकडे खारपाण पट्टा. आर्सेनिकचं नाव सहसा कोणी घेत नाही, आणि बहुतेक गावांत ते घ्यावंही लागणार नाही. पण गोंदिया आणि गडचिरोलीच्या पूर्वेकडची जी गावं छत्तीसगडला लागून आहेत, म्हणजे सालेकसा, देवरी, कोरची या बाजूची, तिथल्या लोकांनी आपलं बोरिंग एकदा तरी आर्सेनिकसाठी तपासून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. सीमेपलीकडे अंबागड चौकीजवळ कौडीकसा नावाचं गाव आहे. तिथल्या विहिरी आणि हातपंपांत आर्सेनिक असल्याचं आणि लोकांच्या अंगावर त्याच्या खुणा असल्याचं १९९९ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केलं. तिथे ना कारखाना होता, ना फवारणीचं औषध सांडलं होतं. डोंगरगड-कोटरी पट्ट्यातल्या जुन्या खडकांतूनच ते पाण्यात उतरलेलं आहे. त्याच कुळातले खडक पश्चिमेला गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व भागातही सापडतात. राज्याची हद्द खडकाला ठाऊक नसते, आणि या दोन्ही बाजूंच्या गावांत रोटी-बेटी व्यवहारही पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. याचा अर्थ तुमच्या गावात आर्सेनिक आहे असा नाही. तपासल्याशिवाय ते नाही असं म्हणता येत नाही, एवढंच.

या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी गोड लागतं, डाळ छान शिजते, आणि पंधरा वर्षांनी तळहात खरखरीत होतात. अंगावर खूण दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो, पण पाणी मात्र पहिल्याच दिवशी खरं सांगतं. म्हणून सुरुवात पाण्यापासून करायची.

गावातल्या नेहमीच्या तपासण्या इथे का पुरत नाहीत

ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालेलं असतं आणि लोक निर्धास्त होतात. ते कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा वापर अशा गोष्टींवर मिळतं. पाण्यातून जुलाब-कावीळ पसरण्याचा धोका किती, हे त्यातून कळतं. आर्सेनिकबद्दल ते काहीच सांगत नाही. पाणी काळं पडतं का ते पाहायची छोटी बाटली जंतूंसाठी असते. जलसुरक्षकाकडच्या नेहमीच्या फील्ड किटमध्ये पीएच, कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह वगैरे तपासता येतं, पण आर्सेनिकचं किट बहुतेक वेळा वेगळं घ्यावं लागतं.

आरओ विकणारा माणूस टीडीएस मीटर बुडवून दाखवतो, त्याचाही इथे उपयोग नाही. साध्या गोड पाण्याच्या एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम क्षार सहज असतात. आर्सेनिक मर्यादेच्या पाचपट असलं तरी लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम असतं. तीनशेच्या आकड्यात एवढासा फरक त्या मीटरला दिसणं शक्यच नाही.

आर्सेनिकचं वेगळं किट मिळालं तर चाळणी म्हणून जरूर वापरावं. त्यात पाण्यात पावडर टाकून वायू तयार करतात आणि तो लागल्यावर कागदाची पट्टी पिवळी ते तपकिरी होते. पट्टी गडद झाली तर तो इशारा समजायचा. फिकट पिवळ्या छटेत मात्र माणसामाणसाच्या नजरेत फरक पडतो, आणि आपल्याला नेमका तिथलाच निर्णय घ्यायचा असतो. त्यामुळे पट्टी कोरी निघो की रंगो, पिण्याच्या प्रत्येक स्रोताचा एक नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ग्रामपंचायतीमार्फत नमुना देता येतो, स्वतःहून शुल्क भरूनही देता येतो. देताना अर्जावर ‘आर्सेनिक’ हा शब्द स्पष्ट लिहा. नुसतं ‘पिण्यायोग्य आहे का’ असं लिहिलं तर नेहमीचे घटक तपासून अहवाल हातात पडतो. त्या प्रयोगशाळेत आर्सेनिकची सोय नसेल तर नमुना पुढे कुठे पाठवतात तेही तिथेच विचारून घ्या.

नमुना घेताना

आधी प्रयोगशाळेतून बाटली आणायची. धातूंच्या तपासणीसाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली लागते आणि पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालावं लागतं. हे आम्ल घालणं चुकवू नका, कारण आपल्याकडच्या पुष्कळ बोरिंगच्या पाण्यात लोह असतं. पाणी बाहेर आल्यावर हवेशी गाठ पडली की काही तासांत तळाशी तांबूस गाळ बसतो. हा गाळ पाण्यातलं आर्सेनिक आपल्याबरोबर ओढून खाली नेतो. मग प्रयोगशाळेत वरचं नितळ पाणी तपासलं जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. आम्ल असलं की लोह विरघळलेलंच राहतं आणि आर्सेनिकही. बाटलीत आम्ल आधीच घातलेलं असेल तर ती विसळू नका आणि काठोकाठ भरून सांडू देऊ नका. रिकामी बाटली मिळाली असेल तर त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, आणि आम्ल घालण्याचं काम प्रयोगशाळेच्या माणसाकडेच ठेवा. घरात हाताळण्याची ती वस्तू नव्हे.

हातपंप असेल तर पाईपमध्ये रात्रभर साचलेलं पाणी निघून जाईपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं सलग हापसा. सबमर्सिबल असेल तर तेवढाच वेळ मोटार चालू ठेवा आणि टाकीच्या नळातून न घेता थेट बोरिंगच्या तोंडाशी पाणी घ्या. टाकीत लोह बसलेलं असतं, तिथलं पाणी बोरिंगची खरी स्थिती सांगत नाही.

बाटलीवर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक, तारीख आणि ठिकाण लिहा. वहीत मात्र आणखी दोन गोष्टी नोंदवा: बोरिंग किती फूट आहे आणि कोणत्या वर्षी मारलं. लोक किती वर्षं ते पाणी पीत आहेत हे पुढे डॉक्टर विचारतील, आणि त्याचं उत्तर बोरिंगच्या सालातच मिळतं. जमलं तर एकाच बोरिंगच्या दोन बाटल्या वेगवेगळे क्रमांक देऊन पाठवा. दोन्हींचे आकडे जवळजवळ आले की अहवालावर विसंबायला हरकत नाही.

गावात पाच बोरिंग असतील तर पाचही तपासावी लागतात. कठीण खडकात पाणी भेगांमधून वाहतं, त्यामुळे एका बोरिंगला लागलेली भेग शंभर-दोनशे मीटरवरच्या बोरिंगला लागलेलीच असेल असं नाही. शेजाऱ्याचं पाणी चांगलं निघालं म्हणून आपलं चांगलं ठरत नाही, आणि उलटही तसंच.

अहवालातला आकडा

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही तोच. काही अहवालांत तोच आकडा १० मायक्रोग्रॅम असा येतो, दोन्हींचा अर्थ एकच. पूर्वी आपल्याकडे दुसरा स्रोत नसेल तर ०.०५ पर्यंत चालवून घेत, म्हणून जुन्या छापील फॉर्मवर तो आकडा अजून दिसू शकतो. त्याच्या आधाराने ‘योग्य’ असा शिक्का मारलेला असला तरी स्वतः आकडा पाहा.

एक ओळ मात्र फार बारकाईने वाचायची. पुष्कळदा रकान्यात आकडा नसतोच, ‘आढळले नाही’ किंवा ‘बीडीएल’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे यंत्राला ओळखता येईल त्यापेक्षा ते कमी आहे. मग यंत्राला कमीत कमी किती ओळखता येतं हे विचारा. उत्तर ०.००१ किंवा ०.००२ आलं तर पाणी खरंच चांगलं. उत्तर ०.०५ आलं तर त्या अहवालाचा काही उपयोग नाही, कारण मर्यादेच्या चौपट आर्सेनिक असलं तरी तिथे ‘आढळले नाही’ असंच छापून येईल.

आता एक टोला डोळ्यांसमोर आणू. गाव काल्पनिक, आकडे समजण्यासाठी घेतलेले. समाज मंदिराजवळचं बोरिंग २००९ सालचं, २०० फूट, अहवाल ०.०६४. शाळेजवळचं बोरिंग तिथून तीनशे मीटरवर, अहवाल ०.००२ पेक्षा कमी. जुनी उघडी विहीर, अहवाल ०.००८. नमुने ऑक्टोबरमध्ये घेतलेले.

समाज मंदिराजवळ राहणारा माणूस धानाच्या रोवणीच्या दिवसांत रोज चार लिटर तरी पाणी पितो. भात, वरण, भाजी, पेज मिळून आणखी एक लिटर पाणी पोटात जातं, कारण तांदूळ शिजताना पाणी शोषतो आणि त्यातलं आर्सेनिकही. पाच लिटर गुणिले ६४, म्हणजे दिवसाला ३२० मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या आतल्या पाण्यातून जास्तीत जास्त ५० गेले असते. आपल्याकडे भात दोन्ही वेळेला असतो, म्हणून पिण्याचं पाणी बदललं आणि स्वयंपाकाचं तेच ठेवलं तर काम अर्धवटच राहतं.

त्याच दिवशी काय करायचं

पाणी बदलायचं, बस. टोल्यावरच्या सगळ्या घरांनी पिण्याचं आणि शिजवण्याचं पाणी शाळेजवळच्या बोरिंगवरून आणायचं. समाज मंदिराच्या पंपाला लाल रंग द्यायचा, शाळेच्या पंपाला हिरवा, आणि लाल पंपावर ‘पिण्यास व स्वयंपाकास नाही’ असं ठळक लिहायचं. तो पंप बंद करायची किंवा काढून नेण्याची गरज नाही. आर्सेनिक कातडीतून जवळजवळ आत जात नाही, त्यामुळे आंघोळ, कपडे, भांडी यांना ते पाणी चालतं. पंप सरसकट बंद केला की शाळेच्या पंपावर रांग लागते, भांडणं होतात आणि महिन्याभरात कोणीतरी लाल पंपाचंच पाणी पुन्हा प्यायला लागतं.

उघड्या विहिरीचा आकडा मर्यादेच्या आत आहे, पण काठावर आहे. पावसाळा संपल्यावर घेतलेला तो नमुना आहे. मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय त्या विहिरीला हिरवा रंग देऊ नका. तोवर ती वापरायची वेळ आलीच तर टीसीएल टाकून, कारण आर्सेनिक टाळताना हगवण ओढवून घेण्यात शहाणपण नाही. बोडीच्या किंवा मामा तलावाच्या पाण्याचंही तसंच. आर्सेनिक तिथे सहसा कमी असतं, जंतू मात्र भरपूर.

इथे लोक हमखास एक उपाय करतात, पाणी उकळतात. आर्सेनिक उडून जात नाही, पाणी मात्र वाफ होऊन आटतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते जास्तच दाट होतं. टीसीएलने ते निघत नाही, यूव्हीच्या दिव्याने निघत नाही, मेणबत्तीच्या फिल्टरनेही नाही. तुरटीने थोडं खाली बसतं, पण त्यावर भरवसा ठेवण्याइतकं नाही.

आरओचं उत्तर सरळ नाही. आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं. त्यातलं एक रूप आरओचा पडदा चांगलं अडवतो, दुसरं, जे खोल बोरिंगच्या हवा न लागलेल्या पाण्यात असू शकतं, ते बऱ्यापैकी निसटतं. म्हणून आरओ किंवा आर्सेनिक धरून ठेवणाऱ्या माध्यमाचा सामूहिक फिल्टर बसवायचा असेल तर एकच अट धरा: बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आर्सेनिक अहवाल बसवल्यावर लगेच आणि पुढे दर तीन महिन्यांनी. माध्यम भरत आलं की ते आर्सेनिक सोडून देऊ लागतं, आणि पाणी पूर्वीइतकंच नितळ दिसत राहतं. आरओतून वाया जाणारं पाणी स्वयंपाकात वापरू नका, पडद्याने अडवलेलं आर्सेनिक त्यातच गोळा झालेलं असतं.

जवळ एकही चांगला स्रोत नसेल तर पावसाचं पाणी साठवण्याचा हिशेब करा. पाच माणसांच्या घराला पिण्या-शिजवण्यासाठी दिवसाला २५ लिटर धरले तर ऑक्टोबर ते मे या २४० दिवसांना ६,००० लिटर लागतात. २० चौरस मीटर टिनाच्या छपरावर वर्षाला १,२०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला तरी १९,००० लिटर मिळतात. म्हणजे छप्पर पुरतं, खर्च आहे तो बंद टाकीचा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी टाकीत घेऊ नये आणि साठवलेलं पाणी क्लोरीन टाकून प्यावं.

अंगावर काय पाहायचं

ज्यांनी ते पाणी पाचेक वर्षं किंवा जास्त प्यायलं आहे त्या सगळ्यांना एकदा पाहिलं पाहिजे. आशाताई हे काम करू शकतात. दिवसाच्या उजेडात, घरातल्या बाईला बाईनेच आडोशाला पाहावं, कारण पहिली खूण बहुधा झाकलेल्या भागावर असते.

छातीवर, पाठीवर, पोटावर बारीक काळसर ठिपके दिसतात, धुळीवर पावसाचे पहिले थेंब पडल्यासारखे विखुरलेले. कधी त्यांच्यामध्ये पांढुरके ठिपकेही असतात. त्यानंतर तळहात आणि तळपाय. सुरुवातीला इथे डोळ्यांना फारसं दिसत नाही, हाताला लागतं. आपल्या अंगठ्याने समोरच्याचा तळहात मधोमध आणि कडेने हळू चोळा, बारीक टणक कण बोचतात. पुढे त्यांचे दिसण्याजोगे चामखिळीसारखे उंचवटे होतात, तळपाय जाड होऊन भेगाळतात.

शेतात राबणाऱ्याचे हात तसेही राठ असतात, मग फरक कसा करायचा? कुऱ्हाडीच्या, विळ्याच्या दांड्याने पडलेले घट्टे जिथे घासतं तिथेच असतात, बोटांच्या मुळाशी, आणि बहुधा कामाच्या हाताला जास्त. आर्सेनिकचे कण दोन्ही हातांवर आणि दोन्ही पायांवर असतात, जिथे काही घासत नाही अशा जागीही. हात आणि अंगावरचे ठिपके दोन्ही एकत्र असले, आणि पाण्याचा आकडा जास्त असला, की संशय पक्का होतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हे कुष्ठरोग जास्त आढळणारे जिल्हे. फिकट चट्टा दिसला तर त्यावर कापसाचं टोक टेकवून डोळे मिटलेल्या माणसाला विचारा. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बधिरपणा असतो, आर्सेनिकच्या ठिपक्यावर स्पर्श कळतो. मात्र आर्सेनिकनेही पायांच्या नसा बिघडून मुंग्या येतात, म्हणून शेवटचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हावा. आर्सेनिकचे डाग एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. हे गावात चारचौघांत सांगा, कारण डाग पाहून सोयरीक मोडते.

एकाच घरात एकाला खुणा दिसतात आणि दुसऱ्याला नाही, असंही होतं. खुणा नाहीत म्हणून पाणी सुरू ठेवायचं, हा हिशेब चुकीचा. धोका पाण्याच्या आकड्यावरून ठरवायचा.

डॉक्टरांनी लघवीतलं आर्सेनिक तपासायला सांगितलं तर आधीचे चार दिवस सुकट, बोंबील किंवा कुठलीही मासळी खाऊ नका. समुद्राच्या मासळीतलं आर्सेनिक फारसं घातक नसतं, पण तपासणीत आकडा फुगवतं. लघवी गेल्या काही दिवसांचंच सांगते. पाणी बदलून महिना झाला असेल तर अहवाल चांगला येईल आणि त्यावरून मागची पंधरा वर्षं पुसली जात नाहीत. केस आणि नखं काही महिने मागचं सांगतात.

कर्करोगाचा धोका, आणि तो किती वर्षं

शरीरातून आर्सेनिक ‘ओढून काढणारी’ औषधं या जुनाट त्रासात उपयोगी पडल्याचं सिद्ध नाही, त्यासाठी पैसे घालवू नका. डाग पाणी बदलल्यावर हळूहळू फिके होऊ शकतात, जाड झालेली कातडी सहसा पूर्ण जात नाही. डॉक्टर सॅलिसिलिक आम्लाचं किंवा युरियाचं मलम देतात, त्याने भेगा कमी होतात. जाड कातडी ब्लेडने कापू नका.

दीर्घकाळ आर्सेनिक पोटात गेल्याने कातडीचा, मूत्राशयाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे पक्कं ठरलेलं आहे. लिटरला ५० मायक्रोग्रॅमचं पाणी आयुष्यभर प्यायल्यास कर्करोगाने मरण्याचा धोका शंभरात एकाच्या घरात जातो, असा अंदाज अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९९ मध्ये मांडला. शंभरातले नव्व्याण्णव वाचतात हे खरं, पण पाचशे वस्तीच्या गावाने हा आकडा आपल्या माणसांवर मोजून पाहावा. आणि धोका पाण्याबरोबर लगेच थांबत नाही. चिलीच्या अँटोफगास्ता शहराने १९५८ ते १९७० अशी जेमतेम बारा वर्षं फार जास्त आर्सेनिकचं पाणी प्यायलं, नंतर शुद्धीकरण सुरू झालं. तरीही फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू पुढची कित्येक दशकं जास्तच राहिले. लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांनाही मोठेपणी याचा फटका बसला.

म्हणून लाल पंपाचं पाणी प्यायलेल्यांनी वर्षातून एकदा अंग आणि तळपाय दाखवून घ्यावेत. महिन्याभरात न भरणारी जखम, वाढत जाणारी किंवा रक्त येणारी गाठ, कपड्याखालच्या कातडीवर खपलीचा लालसर चट्टा, यातलं काही दिसलं तर मलम लावत बसू नका, तुकडा काढून तपासणी करता येईल अशा जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात जा. लवकर सापडलेला कातडीचा कर्करोग बहुधा कापून बरा होतो. लघवीतून न दुखता रक्त गेलं, एकदाच गेलं तरी, तपासा. दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला असेल तर क्षयाची थुंकी तपासणी कराच, पण ती चांगली आली म्हणून तिथे थांबू नका, छातीचा एक्स-रे मागा. बिडी-सिगारेट आणि आर्सेनिक मिळून फुप्फुसाचा धोका दोघांच्या बेरजेहून जास्त वाढवतात, म्हणून अशा माणसाने बिडी सोडणं हा उपचाराचाच भाग. खर्रा तोंडाच्या कर्करोगाचं वेगळं ओझं टाकतो, तोही त्याबरोबर सुटला तर बरं. उपचाराचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

डॉक्टर गावचे नसतील तर त्यांना आर्सेनिक सुचणार नाही. म्हणून प्रत्येक घराने पाण्याच्या अहवालाची प्रत आणि सोबत एक ओळ लिहून ठेवावी: कोणतं बोरिंग, आकडा किती, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत प्यायलो. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकीला आणि नागपूर-पुण्याला कामाला गेलेल्या मुलालाही तिची प्रत द्या, कारण त्यांचं ते पाणी पिणं संपलं असलं तरी वर्षातून एकदाची तपासणी त्यांनाही लागू आहे.